रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि हिशेब: तीन मागण्या वेगवेगळ्या केल्या त्याची गोष्ट

आमच्या कंपनीच्या एचआर पॉलिसीत एक वाक्य होतं. फुल अँड फायनल सेटलमेंट, म्हणजे जाणाऱ्या माणसाचा शेवटचा सगळा हिशेब, शेवटच्या दिवसापासून ४५ दिवसांत होईल, आणि रिलीव्हिंग लेटर व अनुभवाचं प्रमाणपत्र सेटलमेंट झाल्यावर मिळेल. माझा शेवटचा दिवस २६ डिसेंबर २०२५, म्हणजे ४५ दिवस भरणार ९ फेब्रुवारीला. नव्या कंपनीत मला ५ जानेवारीला रुजू व्हायचं होतं आणि त्यांच्या ऑफर लेटरमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की रुजू होताना आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हवं. एका कंपनीचा कागद फेब्रुवारीत निघणार आणि दुसरीला तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाहिजे. नोकरी बदलणाऱ्या बऱ्याच जणांची कोंडी इथेच होते, म्हणून मी काय काय केलं ते सविस्तर लिहिते.

मी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होते. रुजू झाले ३ जून २०१९ ला. कंपनीचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, पण पद्धत अशी होती की जाणाऱ्या माणसाचे सगळे कागद एकाच गाठीत बांधायचे आणि ती गाठ आपल्या सोयीने सोडायची.

राजीनामा दिला २७ ऑक्टोबरला, मेलवर. नोटिस ६० दिवसांची. त्याच दिवशी तोंडी "ठीक आहे" मिळालं, पण मला हवं होतं ते स्वीकारल्याचं लेखी उत्तर, तेही तारखेसकट. दोन दिवसांनी उत्तर आलं त्यात लिहिलं होतं, "हँडओव्हर पूर्ण झाल्यावर तुम्हाला मोकळं करण्यात येईल." या वाक्यात तारीख नाही हे पाहूनच मी परत लिहिलं: माझ्या नेमणूकपत्राप्रमाणे नोटिस ६० दिवसांची आहे, राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजल्यास शेवटचा दिवस २६ डिसेंबर येतो, कृपया ही तारीख कळवावी. त्यावर एचआरच्या मॅडमनी एका ओळीत "२६ डिसेंबर, कन्फर्म्ड" असं उत्तर दिलं. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात हीच एक ओळ कामी आली. शेवटची तारीख लेखी नसेल तर हँडओव्हर कधी पूर्ण झालं हे कंपनी ठरवते, आणि मग नोटिस पूर्ण केली की नाही यावरच वाद घालता येतो.

तारखेबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पैशाची आहे. आमचे मॅनेजर सर मनाने चांगले. ते नोव्हेंबरच्या मध्यावर म्हणाले, "तुझं काम जवळजवळ हातावेगळं झालंय, म्हणशील तर महिनाअखेर सोडतो तुला. तेवढीच घरी सुट्टी." मी नको म्हणाले. ग्रॅच्युइटीत पूर्ण वर्षं मोजतात आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर ते आणखी एक पूर्ण वर्ष धरतात. माझी सहा वर्षं २ जून २०२५ ला भरली होती. त्यावरचे सहा महिने भरत होते २ डिसेंबरला. नोव्हेंबरअखेर निघाले असते तर सहाच वर्षं धरली गेली असती, २६ डिसेंबरला निघाल्यावर सात. माझं बेसिक २६,००० रुपये. ग्रॅच्युइटीचं सूत्र बेसिक आणि महागाई भत्ता गुणिले १५ भागिले २६, म्हणजे माझ्यासाठी दर वर्षाला बरोबर १५,००० रुपये. त्या चार आठवड्यांच्या सुट्टीची किंमत १५,००० रुपये होती, पगार वेगळाच. पाच वर्षं ओलांडलेल्या माणसाने राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी रुजू झाल्याच्या तारखेपासून हे एकदा मोजून पाहावं.

नोटिसच्या काळात तुळशीचं लग्न उरकल्यावर मावसबहिणीचं लग्न निघालं आणि मी दोन दिवस रजा घेतली. आमच्याकडे असा नियम सांगितला जाई की नोटिसमध्ये रजा घेतली तर तेवढे दिवस नोटिस पुढे सरकते. पॉलिसीत मात्र "मॅनेजरच्या परवानगीशिवाय" असे शब्द होते. म्हणून रजा मागतानाच मी मेलमध्ये विचारलं की या दोन दिवसांमुळे शेवटची तारीख बदलणार नाही ना. सरांनी लिहिलं, "नाही, तारीख तीच." हा मेल पुढे हिशेबाच्या वेळी उपयोगी पडला.

आता नो ड्यूजची गोष्ट. कारखान्यात नो ड्यूज फॉर्मवर सह्या घेणं हे ऑफिसपेक्षा किचकट असतं, कारण तुमच्या नावावर नुसता लॅपटॉप नसतो. माझ्या फॉर्मवर आयटी, स्टोअर, टूल रूम, स्टँडर्ड रूम, कँटीन, अकाउंट्स, सिक्युरिटी आणि शेवटी एचआर असे रकाने होते. मी फॉर्म शेवटच्या दिवशी न घेता नोटिसचे दोन आठवडे उरले असताना मागून घेतला. मॅडम म्हणाल्या, "इतक्या लवकर कशाला? शेवटच्या दिवशी सगळं होतं." मी म्हटलं, "मॅडम, सह्या शेवटच्या दिवशीच होतील, पण काय काय बाकी आहे ते आत्ताच कळू दे."

आणि कळलंच. स्टँडर्ड रूमच्या गेज रजिस्टरमध्ये माझ्या नावावर एक ०-२५ चा मायक्रोमीटर निघाला, घेतल्याची नोंद आहे आणि परत केल्याची नाही. स्टँडर्ड रूमचा मुलगा म्हणाला, "ताई, हा जमा झाल्याशिवाय मी सही नाही करू शकत." मायक्रोमीटर माझ्याकडे नव्हता. मला आठवत होतं की तो कॅलिब्रेशनला गेलेल्या लॉटमध्ये होता. मग कॅलिब्रेशनची फाइल काढली. बाहेरच्या लॅबकडे पाठवलेल्या गेजेसच्या डिलिव्हरी चलनावर त्याचा आयडी नंबर सापडला आणि परत आल्यावरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेटही सापडलं. तो परत येऊन थेट दुसऱ्या लाइनला दिला गेला होता आणि रजिस्टरमध्ये माझं नाव तसंच राहिलं होतं. चलन आणि सर्टिफिकेट दाखवल्यावर नोंद दुरुस्त झाली. हेच शेवटच्या दिवशी संध्याकाळी उघडकीला आलं असतं तर स्टँडर्ड रूम बंद, क्वालिटी हेड गाडीत बसलेले, आणि माझा नो ड्यूज अर्धवट. अर्धवट नो ड्यूज म्हणजे रिलीव्हिंग लेटर थांबलं, आणि मायक्रोमीटरची किंमत हिशेबातून वळती झाली ती वेगळीच.

लॅपटॉप देताना आयटीकडून मी साधी पोच घेतली: लॅपटॉपचा अॅसेट नंबर, चार्जर, बॅग, तारीख, सही. आयडी कार्ड आणि गेट पास सिक्युरिटीला दिल्यावर त्यांच्या रकान्यातही तारीख टाकून घेतली. सह्या पूर्ण झालेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढला, कारण मूळ फॉर्म एचआरकडे जातो आणि तो कुठल्या ट्रेमध्ये पडून राहील याचा भरवसा नसतो.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेल बंद होतो, एचआर पोर्टलचं लॉगिनही जातं. म्हणून त्याआधीच्या आठवड्यात माझे स्वतःचे कागद मी काढून ठेवले: नेमणूकपत्र, दर वर्षीची पगारवाढीची पत्रं, २०२२ साली सीनियर क्वालिटी इंजिनिअर झाले त्याचं पत्र, सगळ्या पगारपावत्या, आधीच्या वर्षांचे फॉर्म १६, आणि पोर्टलवर शिल्लक रजा दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट. त्यावर १४ दिवस अर्जित रजा दिसत होती. राजीनामा, त्याचा स्वीकार आणि रजेबद्दलचं सरांचं उत्तर हे तीन मेल स्वतःच्या मेलवर पाठवले. ग्राहकांची ड्रॉइंग्ज, तपासणीचे रिपोर्ट, ऑडिटच्या फाइली यांना हात लावला नाही. त्या कंपनीच्या असतात, आणि असं काही बाहेर पाठवलेलं सापडलं तर कागद अडवायला कंपनीला रास्त कारण मिळतं.

मुख्य काम होतं मागणीचा मेल. तो मी २२ डिसेंबरला, म्हणजे कंपनीचा मेल चालू असतानाच पाठवला आणि सीसीमध्ये माझा स्वतःचा मेल ठेवला. एकाच मेलमध्ये "कृपया माझे सगळे कागद आणि फुल अँड फायनल लवकर द्या" असं लिहिलं की त्याला एकच उत्तर येतं, "प्रोसेसमध्ये आहे." म्हणून मी तीन मागण्या तीन परिच्छेदांत लिहिल्या आणि प्रत्येकीची तारीख वेगळी मागितली. मेल इंग्रजीत होता, त्याचा आशय असा.

पहिला परिच्छेद रिलीव्हिंग लेटरचा: "माझ्या नेमणूकपत्रातील कलमाप्रमाणे मी पूर्ण नोटिस देत आहे आणि हँडओव्हर २४ डिसेंबरला पूर्ण होत आहे. २६ डिसेंबरला कामकाज संपताना मला रिलीव्ह केल्याचं पत्र मिळावं. लेटरहेडवरील पत्राला वेळ लागणार असल्यास, २६ तारखेपासून मला सेवेतून मुक्त केलं आहे एवढं त्या दिवशी मेलवर कळवावं." दुसरा परिच्छेद अनुभवाच्या प्रमाणपत्राचा: "त्यात रुजू होण्याची तारीख ३ जून २०१९, शेवटची तारीख २६ डिसेंबर २०२५ आणि शेवटचं पद सीनियर क्वालिटी इंजिनिअर असावं. महिना अंकात न लिहिता अक्षरात लिहावा." तिसरा हिशेबाचा: "डिसेंबरचा पगार, रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यांचा तपशीलवार हिशेब पैसे जमा करण्यापूर्वी मला पाहायला मिळावा, आणि प्रत्येक रक्कम कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल ते कळवावं." शेवटी माझा स्वतःचा मेल, फोन नंबर आणि पत्रव्यवहाराचा पत्ता.

महिना अक्षरात का, तर ०३/०६/२०१९ हे कुणी ३ जून वाचतं आणि कुणी ६ मार्च. नवी कंपनी पडताळणीचं काम बाहेरच्या एजन्सीला देते आणि त्या एजन्सीच्या तक्त्यात तारीख जुळली नाही की "विसंगती" असा शेरा पडतो. तो काढायला पुन्हा जुन्या कंपनीच्या एचआरची विनवणी करावी लागते.

मॅडमचं उत्तर अपेक्षेप्रमाणे पॉलिसीचं होतं: सेटलमेंट ४५ दिवसांत, पत्रं त्यानंतर. मी फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना असंच देतो आम्ही. तुमच्या एकटीसाठी वेगळं कसं करू?" मी त्यांना विचारलं की माझ्याकडून काही येणं बाकी आहे का. नव्हतं. मग मी म्हटलं, "मॅडम, मी २६ तारखेला गेले ही गोष्ट ४५ दिवसांनी बदलणार आहे का? रिलीव्हिंग लेटरमध्ये तेवढंच लिहायचं असतं. पैशाचा हिशेब अकाउंट्सने त्यांच्या वेळेत करावा, पण त्या पत्राला अकाउंट्सची काय गरज?" थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "मेलवर लिहून देते २६ ला. लेटर सरांच्या सहीला ठेवते."

माझं मत अगदी स्पष्ट आहे. नोटिस पूर्ण झाली, वस्तू जमा झाल्या, हँडओव्हर झालं, की रिलीव्हिंग लेटर अडवायला काहीही कारण उरत नाही. ते पत्र म्हणजे घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. ते हिशेबाला बांधून ठेवलं की माणूस चुकीच्या हिशेबावरही सही करतो, कारण त्याला पत्राची घाई असते. पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या मनात तसं असेल किंवा नसेल, परिणाम तोच होतो.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर या तिघांचं बळ सारखं नाही, आणि हे समजून मागितलं तर कुठे आग्रह धरायचा ते कळतं. पगाराच्या बाजूला बळ सर्वांत जास्त आहे. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचंही वेतन नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. आधीच्या वेतन अदायगी कायद्यात ही दोन दिवसांची मुदत मालकाने कामावरून काढलेल्या माणसासाठी होती, आणि तो कायदा ठरावीक पगारापर्यंतच लागू होता. ग्रॅच्युइटीसाठी मुदत ३० दिवसांची आहे, जुन्या कायद्यातही तेवढीच होती. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं. रिलीव्हिंग लेटरचं बळ मात्र मुख्यतः तुमच्या नेमणूकपत्रात असतं. मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे सरकारच्या नमुना सेवानियमांत, सेवेच्या दाखल्याची तरतूद आहे, पण ती कामगारांसाठी. माझ्यासारख्या स्टाफमधल्या माणसाने आपल्या नेमणूकपत्रातलं कलम शोधावं. माझ्यात लिहिलं होतं, "नोटिस पूर्ण करून कार्यभार सोपवल्यावर कर्मचाऱ्यास मुक्त केले जाईल." त्यात सेटलमेंटचा उल्लेख नव्हता. मेलमध्ये मी त्या कलमाचा नंबर दिला होता.

२६ डिसेंबरला दुपारी चारच्या सुमारास मेल आला की आजच्या कामकाजानंतर तुम्हाला सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. मी तो त्याच वेळी नव्या कंपनीच्या एचआरकडे पाठवला आणि विचारलं की लेटरहेडवरचं पत्र येईपर्यंत हा मेल आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल चालेल का. त्यांनी होकार दिला, मात्र पत्र ३० दिवसांत देईन असं हमीपत्र माझ्याकडून लिहून घेतलं. बहुतेक ठिकाणी अशी सोय असते, पण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. प्रत्यक्षात रिलीव्हिंग लेटर २ जानेवारीला, सही आणि शिक्क्यासह स्कॅन होऊन आलं. ५ तारखेला रुजू होताना ते माझ्या हातात होतं.

हिशेबाचा कागद आला ३१ डिसेंबरला. पगार, रजा आणि ग्रॅच्युइटी अशी मांडणी होती आणि एकूण १,४२,१४६ रुपये दाखवले होते. मी माझा हिशेब आधीच करून ठेवला होता, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवता आले. महिन्याचा एकूण पगार ५२,०००. डिसेंबरच्या ३१ पैकी २६ दिवसांचे ४३,६१३ झाले, ते बरोबर होते. रजेचे १४ दिवस, कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे बेसिक भागिले २६ म्हणजे दिवसाला १,०००, एकूण १४,०००, तेही बरोबर. पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा, तेही ठीक. वर्षाचं उत्पन्न पाहता टीडीएस कापला जाणार नव्हता. म्हणजे पगार आणि रजा मिळून ५५,६१३ व्हायला हवे होते. कागदावर मात्र आणखी एक ओळ होती: "नोटिस शॉर्टफॉल, दोन दिवस, ३,४६७ रुपये वजा." आणि ग्रॅच्युइटी ९०,००० लिहिली होती, सहा वर्षांची.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, दोनच मुद्दे. पहिला, नोव्हेंबरमधली दोन दिवसांची रजा मंजूर होती आणि तारीख बदलणार नाही असं मॅनेजरनी लिहिलं आहे, मेल सोबत जोडला आहे. दुसरा, ३ जून २०१९ ते २६ डिसेंबर २०२५ हा काळ सहा वर्षं, सहा महिने आणि त्यावर काही दिवस इतका आहे. सहा महिन्यांहून जास्त असलेला भाग पूर्ण वर्ष धरायचा असतो, म्हणून सात वर्षं आणि रक्कम १,०५,०००. दोन्ही धरून एकूण १,६०,६१३. फरक १८,४६७ रुपयांचा. कुठेही आवाज चढवला नाही, फसवलं वगैरे शब्द वापरले नाहीत. अकाउंट्समध्ये बसणाऱ्या काकांचा फोन आला. ते म्हणाले, "पोरी, सॉफ्टवेअर पूर्ण वर्षंच घेतं, वरचे महिने आम्ही हाताने बघतो. तुझं राहून गेलं." नोटिसच्या दोन दिवसांचं कारण असं होतं की पेरोलला हजेरीच्या शीटमध्ये रजा दिसते, मॅनेजरचा मेल दिसत नाही. दोन्ही दुरुस्त्या झाल्या.

दुरुस्त कागदासोबत एक घोषणापत्र आलं: मला माझी सर्व रक्कम मिळाली असून कंपनीकडून माझं काहीही येणं नाही. पैसे जमा व्हायच्या आधी यावर सही मागितली होती. जी गोष्ट झालेलीच नाही ती झाली असं लिहून द्यायला मी तयार नव्हते. मी हिशेबाच्या कागदावर "हिशेब मान्य, रक्कम ५५,६१३ अधिक १,०५,००० खात्यात जमा होण्याच्या अधीन" असं लिहून सही केली आणि घोषणापत्र पैसे आल्यावर देईन असं कळवलं. त्याला कुणी हरकत घेतली नाही. ज्यांना घोषणापत्रावर लगेच सही करावीच लागते त्यांनी निदान त्यात रक्कम आणि तारीख लिहून घ्यावी, कारण आकडा नसलेलं "सर्व रक्कम" हे वाक्य पुढे आपल्याच विरुद्ध वापरलं जातं.

पगार आणि रजेचे पैसे ७ जानेवारीला, इतरांच्या पगारासोबत आले. दोन दिवसांची मुदत उलटून गेली होती हे मी मेलमध्ये एका वाक्यात नोंदवलं, पण आठवड्याभराच्या उशिरासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावंसं मला वाटलं नाही. पैसे ४५ दिवस अडकले असते तर गेले असते. ग्रॅच्युइटी वेगळी आली, २३ जानेवारीला, ३० दिवसांच्या आत. तिच्यासाठी अर्जाचा फॉर्म मी शेवटच्या आठवड्यातच भरून एचआरकडून पोच घेतली होती, कारण फॉर्म मिळालाच नाही हे उशिराचं नेहमीचं उत्तर असतं.

अनुभवाचं प्रमाणपत्र १२ जानेवारीला आलं, आणि त्यात पद "क्वालिटी इंजिनिअर" लिहिलं होतं, म्हणजे रुजू झाले तेव्हाचं. जुन्या नमुन्यात फक्त तारखा बदलल्या होत्या. मी २०२२ च्या बढतीपत्राची प्रत जोडून दुरुस्ती मागितली आणि आठवड्याभरात नवं प्रमाणपत्र आलं. पद चुकीचं असलं तर काय एवढं, असं वाटू शकतं. पण नव्या कंपनीच्या अर्जात मी सीनियर लिहिलं होतं आणि पगारही त्या पदावरून ठरला होता. प्रमाणपत्रात वेगळं पद असणं म्हणजे मी खोटं लिहिलं असा अर्थ निघतो.

राहिला पीएफ. यूएएनच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्रीमध्ये जुन्या कंपनीसमोर Date of Exit भरलेली असावी लागते, नाहीतर जुना पीएफ नव्या खात्यात वळवताना अर्ज अडकतो. ती तारीख कंपनी भरते. भरली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने उलटल्यावर आधारच्या ओटीपीने Mark Exit मधून आपण स्वतः भरू शकतो. माझ्या कंपनीने डिसेंबरचा पीएफ भरताना जानेवारीच्या मध्यावर तारीख टाकली आणि मी ती रिलीव्हिंग लेटरशी ताडून पाहिली: २६ डिसेंबरच होती. इथे महिन्याची शेवटची तारीख सरसकट टाकण्याची सवय काही ठिकाणी असते. ती ३१ डिसेंबर पडली असती तरी माझं निभावलं असतं, पण दुसऱ्याच दिवशी नव्या ठिकाणी रुजू होणाऱ्याच्या बाबतीत दोन नोकऱ्या एकमेकांवर चढलेल्या दिसतात आणि पडताळणीत त्याचा जाब विचारला जातो.

नव्या कंपनीला एप्रिल ते डिसेंबरच्या उत्पन्नाचा तपशील फॉर्म १२बी मध्ये दिला, म्हणजे उरलेल्या तीन महिन्यांचा कर त्यांनी दोन्ही पगार एकत्र धरून काढावा. त्यासाठी जुन्या कंपनीकडून डिसेंबरपर्यंतचा पगाराचा एकत्रित तक्ता मागून घेतला. या आर्थिक वर्षाचा फॉर्म १६ जुनी कंपनी १५ जूनपर्यंत देईल. तो माझ्या स्वतःच्या मेलवर पाठवावा असं मी अकाउंट्सच्या काकांना लिहून ठेवलं आहे, आणि त्यांची पोचही आली आहे.